बाँड भरून परदेशी शिकायला जाताय? मधेच सोडलं तर किती भरावे लागतील ते आधी मोजा

गेल्या महिन्यात भाचा घरी आला, हातात प्लास्टिकची फाईल. म्हणे मामा तुम्ही एचआरला होतात ना, जरा हे बघा. नाशिकला अंबडच्या ज्या कंपनीत तो दोन वर्षं नोकरी करतोय ती कंपनी त्याला जर्मनीत मास्टर्स करायला अठरा लाख देतेय, दोन हप्त्यांत नऊ-नऊ लाख, आणि परत आल्यावर तीन वर्षं तिथेच काम करायचं. अ‍ॅग्रीमेंट अकरा पानांचं. त्यातली त्याने वाचली होती दोन, पहिलं ज्यात रक्कम होती आणि शेवटचं ज्यात सहीची जागा होती. "सोमवारपर्यंत द्या म्हणालेत."

मी सातपूरला पंधरा वर्षं एचआर केलंय आणि असले बाँड स्वतः टाईप केलेत, म्हणून आधीच कबूल करतो की यातले बरेचसे कॉपी-पेस्ट असतात. आमच्याकडे सहा आठवड्यांच्या पीएलसी ट्रेनिंगचा एक जुना बाँड होता, तोच पुढे कोणालाही लावायचो, नाव बदलायचं, रक्कम बदलायची, झालं. भाच्याच्या कागदातही चौथ्या पानावर डिग्रीच्या जागी "सदर प्रशिक्षण" असंच होतं. म्हणजे कंपनी लबाड असतेच असं नाही, पण तो कागद तुमच्यासाठी विचार करून लिहिलेला नसतो हे डोक्यात ठेवूनच वाचायला बसा.

पहिल्यांदा हे ठरवा की हा पैसा कुठल्या जातीचा आहे. लोन स्कॉलरशिप वेगळी, जे. एन. टाटा एन्डोमेंट किंवा के. सी. महिंद्रा यांच्यासारखी, तिथे पैसे परत करायचेच असतात, कुठे नोकरी करता याच्याशी त्याचा संबंध नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप घेतली तर शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, पण कोणा एका कंपनीतच राबा असं नाही. बाँडचं तसं नसतं, इथे पैसे परत द्यायचे नसतात, वर्षं परत द्यायची असतात, आणि वर्षं दिली नाहीत तर मग त्याचे पैसे लागतात. आता हे "त्याचे पैसे" किती, सगळी गोम तिथे आहे.

स्टेप एक, परतफेडीचं कलम शोधा आणि त्यात कुठला शब्द वापरलाय ते बघा

इंडेक्सवर जाऊ नका, अख्ख्या कागदात पेन्सिल घेऊन "परतफेड", "वसुली", "नुकसानभरपाई", "व्याज" हे शब्द जिथे जिथे येतील तिथे गोल करा. कागद इंग्रजीत असेल, बहुतेक असतोच, तर तिथले त्याच अर्थाचे शब्द. एकाच कागदात तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे निघाल्याचं मी पाहिलंय.

मग आकडा काढा. खरंच कागद-पेन घेऊन काढा, कारण वाचताना सगळी कलमं सारखीच वाटतात. भाच्याचं उदाहरण घेतो. पहिले नऊ लाख १ ऑगस्ट २०२६ ला, दुसरे १ ऑगस्ट २०२७ ला. कोर्स वेळेत संपला आणि १ ऑक्टोबर २०२८ ला तो परत कामावर रुजू झाला असं धरा. वीस महिने काम केलं आणि मे २०३० च्या शेवटी पुण्यात चांगली ऑफर मिळाली म्हणून सोडलं. बाँडचे छत्तीस महिने, त्यातले सोळा राहिले. किती भरायचे?

कलमात "उर्वरित कालावधीच्या प्रमाणात" असं असेल तर सोपं आहे. अठरा लाख भागिले छत्तीस, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. सोळा महिने राहिले, आठ लाख द्या.

कलमात "पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी एक तृतीयांश माफ" असं असेल तर वीस महिन्यांत पूर्ण वर्ष एकच झालंय, वरचे आठ महिने हवेत गेले. बारा लाख. म्हणजे चार लाखांचा फरक फक्त "महिना" की "वर्ष" या एका शब्दाने पडला.

आणि भाच्याच्या कागदात जे होतं ते असं, "बाँड कालावधी पूर्ण होण्याआधी सेवा सोडल्यास संपूर्ण रक्कम, वितरणाच्या तारखेपासून बारा टक्के सरळ व्याजासह." बारा टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला एक टक्का, हिशोब तोंडी होतो. पहिल्या नऊ लाखांवर शेहेचाळीस महिने, ४ लाख १४ हजार. दुसऱ्या नऊ लाखांवर चौतीस महिने, ३ लाख ६ हजार. व्याज झालं सात लाख वीस हजार, मुद्दल अठरा, एकूण पंचवीस लाख वीस हजार. वीस महिने प्रामाणिकपणे काम केल्याचा एक रुपयाही वजा नाही. पस्तीस महिने काम करून एक महिना आधी सोडलं तरी हेच, उलट व्याज आणखी वाढलेलं. भाचा हे ऐकून गप्पच झाला, चहा गार झाला त्याचा.

मधला मार्ग कंपन्या बऱ्याचदा मान्य करतात, तो असा की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात मुद्दल आणि त्याच प्रमाणात व्याज. मग आठ लाख अधिक तीन लाख वीस हजार, अकरा लाख वीस हजार. हे पण थोडं नाही, पण याला निदान हिशोब म्हणता येतो. व्याज चक्रवाढ आहे का सरळ, हे लिहिलंच नसेल तर लिहून घ्या.

अजून एक बारीक गोष्ट, "मंजूर रक्कम" की "प्रत्यक्ष दिलेली रक्कम". वीस लाख मंजूर झाले आणि अठराच मिळाले तर वीसवर वसुली होऊ नये. आणि रक्कम युरोत लिहिलेली असेल तर परतफेडीला कुठल्या दिवसाचा रेट ते बघा. पैसे दिले त्या दिवशीचा रेट धरून रुपयांत आकडा गोठवून घ्या, नाहीतर युरो चढला की तुमचं देणं आपोआप चढतं.

स्टेप दोन, घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं

"तीन वर्षं" वाचून सगळे समाधानी होतात, पण तीन वर्षं कधीपासून? सही केल्यापासून नाही, परत रुजू झाल्यापासून. आणि रुजू कधी व्हायचं? भाच्याच्या कागदात "चोवीस महिन्यांत पदवी पूर्ण करून तीस दिवसांत" असं होतं. आता जर्मनीतलं मास्टर्स कागदावर चार सेमिस्टरचं असतं, पण थिसिसमुळे पाचवं सेमिस्टर लागणं तिथे अगदी कॉमन आहे, त्यात कोणी नापास वगैरे समजत नाही. पण आपल्या कागदात चोवीस महिने लिहिलेत म्हटल्यावर पंचविसाव्या महिन्यात तुम्ही करारभंग केलेला असतो, अभ्यास नीट चालू असूनसुद्धा. म्हणून तिथे "युनिव्हर्सिटीचं पत्र दिल्यास सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ" ही ओळ हवीच. आणि "पदवी पूर्ण" म्हणजे शेवटची परीक्षा, थिसिस जमा केल्याची तारीख का सर्टिफिकेट हातात आल्याची तारीख, ते पण स्पष्ट करून घ्या, कारण सर्टिफिकेट यायला महिने जाऊ शकतात.

कंपन्या या तारखेबाबत घाबरतात त्याला कारण आहे, ते पण समजून घ्या. जर्मनीत पदवी झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. मुलगा तिथेच राहिला तर इथल्या कंपनीच्या हातात फक्त हा कागद आणि तुमच्या वडिलांची सही उरते.

काम सुरू झाल्यावर घड्याळ थांबवणारी कलमंही असतात, बिनपगारी रजा, लांबलेली आजारपणाची रजा, मॅटर्निटी लीव्ह यातले दिवस बाँडमध्ये धरणार नाही असं कुठेतरी एका वाक्यात असतं. मुलींनी ते खास वाचा. पगारी रजा आणि मॅटर्निटी लीव्ह बाँडमध्ये धरायला सांगा. नोटीस पीरियडचे पैसे आणि बाँडचे पैसे हे दोन वेगळे असतात हेही लक्षात असू द्या, सोडताना दोन्ही लागू शकतात.

स्टेप तीन, "सोडणे" म्हणजे नक्की काय काय, हे चार प्रसंग विचारून घ्या

व्हिसाच नाही मिळाला तर? भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्यात किंवा नंतर काही अडकलं तर पैसे बिनव्याजी परत करून विषय संपला पाहिजे, दंड नको.

कोर्स मधेच सुटला तर? इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जर्मनीला जाताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. कंपनीचे नऊ लाख मुख्यतः त्यातच जाणार होते, वरचे घरून. समजा पाच महिन्यांत तब्येतीमुळे मुलगा परत आला, तर सात महिन्यांचे ६,९४४ युरो अजून खात्यात पडलेले आहेत, ते परत मिळतात, फक्त खातं बंद करायच्या प्रोसेसला वेळ लागतो. पण कलम म्हणत होतं की "तीस दिवसांत एकरकमी". म्हणून मुदत किमान नव्वद दिवस मागा आणि खात्यातून आलेला पैसा आधी वळता होईल असं लिहून घ्या. मधेच सोडल्यावर वरून दंड लागतो का तेही विचारा, आजारपण आणि घरातला मृत्यू यासाठी वेगळी ओळ मागण्यात लाजायचं काही नाही.

कंपनीनेच काढलं तर? हे कलम मला सगळ्यात जास्त खटकतं. "कोणत्याही कारणाने सेवा समाप्त झाल्यास" असं लिहिलेलं असतं, यात कंपनीने प्लांट बंद केला, कपात केली, सगळं बसतं. वाक्य बदलून "कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनाबद्दल काढल्यास" एवढंच ठेवायला सांगा.

आणि परत आल्यावर कंपनीकडे जागाच नसली तर? किंवा त्याच जुन्या पोस्टवर, जुन्या पगारावर बसवलं तर? मास्टर्स करून आलेल्या पोराला परत शिफ्ट इंजिनीअर केल्याचं उदाहरण माझ्या डोळ्यासमोर आहे, वैतागून सोडलं त्याने, आणि वसुली त्याच्याकडूनच. कागदात पोस्ट नाही तरी किमान ग्रेड लिहून घ्या, आणि साठ दिवसांत नेमणूक दिली नाही तर बाँड संपला असं.

स्टेप चार, जामीनदार आणि चेक

आमचे दाजी निफाड तालुक्यात द्राक्षवाले. कंपनीने जामीनदार म्हणून त्यांची सही आणि सातबाराची कॉपी मागितली होती. दाजी म्हणाले, "कॉपीच तर द्यायचीय, गहाण थोडीच टाकतोय."

बरोबर आहे, नुसती सातबाराची झेरॉक्स दिल्याने जमिनीवर बोजा चढत नाही. बोजा चढला तर तो इतर हक्कात दिसतो, सोसायटीचं कर्ज दिसतं तसा. पण सही जामीनदाराची आहे, आणि करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे कंपनीने आधी मुलाला गाठायचं, त्याच्याकडून नाही निघालं तर मग बापाकडे, असा क्रम नसतो. मुलगा स्टुटगार्टला, नोटीस निफाडला. उद्या कोर्टाने हुकूमनामा केला तर मग तीच जमीन जप्तीत येऊ शकते. म्हणून दोन गोष्टी करा, जामीनकीला आकड्याची मर्यादा घाला, म्हणजे "प्रत्यक्ष दिलेल्या मुद्दलापर्यंतच", आणि जामीनदाराला जमिनीचा व्यवहार करायला कंपनीची परवानगी लागेल असं एखादं वाक्य असेल तर ते काढायला लावा.

सही केलेला कोरा चेक देऊ नका. सिक्युरिटी म्हणून मागतात, सगळेच देतात म्हणतात. त्यावर आकडा टाकून भरला आणि परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ लागू होऊ शकतं, आणि ती फौजदारी केस असते, बाँडचा वाद मात्र दिवाणी. द्यायचाच पडला तर आकडा लिहून द्या, चेक नंबर अ‍ॅग्रीमेंटमध्ये टाका आणि तो कधी परत मिळणार तेही. ओरिजिनल मार्कशीट तर अजिबात ठेवू नका कोणाकडे, व्हिसाला तुम्हालाच लागणार आहेत.

कोर्टात हे टिकत नाही, असं कट्ट्यावर कोणीतरी सांगतंच

अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. दिल्ली हायकोर्टाची २०११ ची एक केस आहे, बाँड दोन लाखांचा, कंपनीचा ट्रेनिंगवर खरा खर्च सदुसष्ट हजारांच्या आसपास, माणसाने तीनपैकी दोन वर्षं काम केलेलं. कंपनीला मिळाले साडेबावीस हजार, म्हणजे खऱ्या खर्चाचा राहिलेला तिसरा हिस्सा. पण दुसरीकडे मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख, हे कलम योग्य ठरवलं. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हा धंद्याला आडकाठी करणारा करार आहे असं त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं होतं, ते मान्य झालं नाही.

माझं वाचन असं की "दुप्पट रक्कम" असलं काही असेल तर त्यावर भांडायला जागा आहे, पण तुमच्या खात्यात खरोखर आलेले अठरा लाख बुडवायला कुठलंही कोर्ट मदत करणार नाही. आणि भांडायचं कुठे? भाच्याच्या कागदात न्यायक्षेत्र मुंबई होतं, कारण हेड ऑफिस तिकडे. दर तारखेला पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडायची तयारी आहे का, एवढं दाजींना विचारलं. सही नाशकात, नोकरी नाशकात, तर "नाशिक" लिहायला सांगा.

स्टेप पाच, बदल मागायचे कसे

फोनवर नाही, मेलवर. आणि वीस मुद्दे काढून बसू नका, एचआरवाला घाबरून लीगलकडे ढकलतो आणि तिथे फाईल दोन महिने पडते. चार-पाच मागा, प्रत्येकाच्या खाली बदललेलं वाक्य स्वतःच टाईप करून द्या म्हणजे त्याला फक्त पेस्ट करावं लागतं. भाच्याने हे पाठवलं होतं, मीच सांगितलेलं:

"कर्मचाऱ्याने बाँड कालावधीत राजीनामा दिल्यास, प्रत्यक्ष वितरित रकमेचा उर्वरित पूर्ण महिन्यांच्या प्रमाणातील हिस्सा, आणि त्याच हिश्श्यावरील सरळ व्याज, नव्वद दिवसांत परत करील. कंपनीने कपात किंवा पद रद्द झाल्यामुळे सेवा समाप्त केल्यास कोणतीही परतफेड देय राहणार नाही."

पाच दिवसांनी उत्तर आलं. महिन्यांचं प्रमाण मान्य, कपातीचं मान्य, सहा महिने मुदतवाढ मान्य, नाशिक मान्य. व्याज बाराचं नऊ करा म्हटलं होतं ते नाही केलं आणि जामीनकीची मर्यादाही नाही. दाजी म्हणाले चालेल, मी मात्र अजून नाराज आहे.

सहीच्या दिवशीचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून साध्या कराराला किमान पाचशेचा स्टॅम्प लागतो, जुना शंभरचा आणून ठेवला असेल तर चालणार नाही. नाशकात सीबीएस स्टँडजवळ कोर्टाच्या आवारात मिळून जातो, नोटरीही तिथेच. प्रत्येक पानावर दोघांची सही, खाडाखोड असेल तिथेही सही, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली एक पूर्ण कॉपी त्याच दिवशी हातात घेऊनच निघा, "नंतर मेल करतो" नको. पैशाचा प्रत्येक हप्ता आला की बँकेची एंट्री पीडीएफ करून ठेवा, चार वर्षांनी हिशोब त्या तारखांवरूनच होणार आहे. आणि छत्तीस महिने भरले की बाँड संपल्याचं पत्र, चेक आणि मूळ कागद परत मागा, आपणहून कोणी देत नाही, मीही कधी दिला नव्हता.

भाच्याची सही गुरुवारी झाली. दाजींनी चष्मा पुसून, नोटरीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून सगळी अकरा पानं वाचली, पाऊण तास लागला, नोटरी दोनदा घड्याळाकडे बघून झाला. आणि सातव्या पानावर जामीनदाराच्या कलमात जुनं "संपूर्ण रक्कम व्याजासह" तसंच राहिलं होतं ते त्यांनीच पकडलं, आम्हा दोघांच्या नजरेतून सुटलं होतं. ते पान परत प्रिंट करून आणलं, मग सही केली.